आउटपुट पाहिले

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये बत्तीस संगणक होते. त्यातले सव्वीस चालत. न चालणारे सहा कुठले, हे एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो ते कुणाला सांगत नसे. कारण सांगितलं असतं तर आवडती पोरं कुठे बसवायची आणि नावडती कुठे, हा त्याच्या हातातला एकुलता एक अधिकारही गेला असता.

त्याला सगळे लॅबकाका म्हणत. हुद्दा लॅब असिस्टंट. चोवीस वर्षं तोच हुद्दा, तीच खुर्ची, फक्त खुर्चीची चाकं पाचाची तीन झाली होती. टेबलाच्या खणात एक जाडजूड पुस्तक, पोथीसारखं फडक्यात बांधलेलं, आणि पुस्तकाशेजारी एक रबरी शिक्का. शिक्क्यावर दोनच शब्द: ‘आउटपुट पाहिले’. पोरांनी प्रोग्रॅम लिहायचा, चालवायचा, काकांनी पडद्याकडे बघायचं आणि जर्नलवर शिक्का मारायचा. सही मात्र प्रशिक्षकाची. म्हणजे बघायचं एकाने आणि सही करायची दुसऱ्याने, न बघता. चोवीस वर्षांत अशी रीत पडली होती आणि ती कुणालाही खटकत नव्हती, काका सोडून.

कारण शिकवायचे काकाच. प्रशिक्षक म्हणून जे जे येत ते फळ्यावर विषयाचं नाव लिहून चहाला जात, आणि मग पोरं हळूच काकांच्या टेबलाशी गोळा होत. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतली स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी, म्हणजे तयार अवजारांची पेटी, हा काकांचा जीव की प्राण. व्हेक्टर ही वाढत जाणारी यादी, मॅप ही किल्ली आणि तिच्यापुढची किंमत यांची वही, सॉर्ट हा क्रम लावणारा. बायको म्हणायची, “घरात तीन माणसं आहेत, त्यांची नावं एवढ्या प्रेमाने घेतली असतीत तर!”

शिकवणं मात्र फटकळ. एखाद्याने मॅपमध्ये नाव आहे की नाही हे बघायला चौकोनी कंस वापरला, की काका खेकसत: “अरे शहाण्या, दारात उभा राहून अमका आत आहे का विचारलंस, आणि नव्हता म्हणून त्याच्या नावाची खुर्ची मांडून आलास! कंसात नाव घातलं की नसलेलं नाव तयार होतं, किंमत शून्य. नुसतं विचारायचंय ना? मग फाइंड वापर.” कुणी व्हेक्टरमधल्या एका घटकाचा पत्ता धरून ठेवून मागून भर घालत राहिला, तर म्हणत: “व्हेक्टरला जागा पुरेनाशी झाली की तो सगळं बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जातो. तू जुन्या घराची कडी वाजवत बसलायस.” पोरं हसत. पण दहा वर्षांनी भेटली तरी बिऱ्हाड आणि खुर्ची त्यांच्या लक्षात असे.

या पोरांतच एक होता इस्त्री. शर्टाची घडी कधी मोडली नाही म्हणून ते नाव. डोकं बेताचं, पण शर्ट असा की मुलाखतीला गेला की समोरचे उठून उभे राहत. पंधरा वर्षांपूर्वी हा काकांच्या लॅबमध्ये तिसऱ्या रांगेत बसायचा, आणि “काका, एवढं बघा ना” म्हणत निम्मे प्रोग्रॅम त्यांच्याकडून करून घ्यायचा. पुढे इस्त्री कुठे कुठे जाऊन, पदव्या घेऊन परत आला, आणि एके दिवशी विभागप्रमुखाच्या खोलीबाहेर त्याच्या नावाची पाटी लागली. पाटीसुद्धा इस्त्री केल्यासारखी. काका अभिनंदन करायला गेले तर म्हणाला, “काका, चारचौघांत मला सर म्हणा. एकटे असलो की काहीही म्हणा.” त्यानंतर दोघं एकटे असे कधी फारसे झालेच नाहीत. त्याची काळजी कुणी घेतली ते सांगायला नको.

आणि मग प्रशिक्षकाची जागा निघाली.

आत काम करणाऱ्यांनाही अर्ज करता येईल, असं परिपत्रकात होतं. वयाची अट पन्नास. काकांना पन्नास पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. म्हणजे ही पहिली संधी आणि हीच शेवटची. पगारात फार फरक पडणार होता अशातला भाग नाही. पण फळ्यासमोर उभं राहायला मिळणार होतं. जर्नलवर शिक्क्याऐवजी सही करायला मिळणार होती. काकांनी घरी एका कोऱ्या कागदावर सहीचा सराव केल्याचं लेकीने पाहिलं होतं. तिने ते आईला सांगितलं, आईने शेजारी सांगितलं, म्हणून तर आपल्याला कळलं.

परीक्षा शंभर प्रश्नांची, एकेक गुण, ए-बी-सी-डी पर्याय. उमेदवार नऊ. त्यातले सात नुसते आलेले. खरे दोन: काका, आणि संस्थेच्या सचिवांचा भाचा. भाचा मुलगा वाईट नव्हता. त्याने कुणाचं वाईट चिंतलं नाही, कारण चिंतन हा प्रकारच त्याला माहीत नव्हता. प्रश्नसंच पाठ करून आला होता आणि परीक्षेआधी काकांनाच विचारत होता, “काका, मॅपमध्ये किल्ल्या आपोआप क्रमाने लागतात ना?” काकांनी सांगितलं, लागतात. सांगायला नको होतं, पण सवय वाईट.

छत्तीस प्रश्न काकांनी हसत हसत सोडवले. सदतिसाव्यावर पेन थांबलं.

प्रश्न असा: पाच विद्यार्थ्यांचा व्हेक्टर. गुण सत्तर, पंच्याऐंशी, सत्तर, साठ, पंच्याऐंशी. त्याला सॉर्ट करायचं, आणि कोण आधी हे ठरवायला स्वतःचा कंपॅरेटर दिलेला. कंपॅरेटर म्हणतो: पहिल्याचे गुण दुसऱ्यापेक्षा जास्त किंवा बरोबर असतील, तर पहिला आधी. चिन्ह `>=`. आउटपुट काय? ए: चढता क्रम. बी: पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, सत्तर, सत्तर, साठ. सी: प्रोग्रॅम कंपाइल होणार नाही. डी: निश्चित सांगता येत नाही.

काका थांबले ते उत्तर येत नव्हतं म्हणून नव्हे. उत्तर डी आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि प्रश्न काढणाऱ्याला बी हवंय हेही तेवढंच पक्कं ठाऊक होतं. कारण तो प्रश्न त्यांनी आधी पाहिला होता. तेच पाच विद्यार्थी, तेच गुण. पंधरा वर्षांपूर्वी, तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या पडद्यावर.

आता यात बिघडतं काय, ते काका पोरांना असं सांगत: सॉर्ट हा बिचारा आंधळा आहे. तो एका वेळी दोघांना समोर उभं करतो आणि तुमच्या कंपॅरेटरला विचारतो, हा त्याच्या आधी यायलाच हवा का? दोघे सारखे असतील तर उत्तर ‘नाही’ हवं, उलटसुलट कसंही विचारलं तरी ‘नाही’. तो करारच आहे. तिथे बरोबरीचं चिन्ह घातलंत की दोघेही म्हणतात मी आधी, मी आधी. आणि सॉर्टने तर तुमच्यावर विश्वास टाकलेला. कुठेतरी ‘नाही’ येईल आणि आपण थांबू, या भरवशावर तो टोक आलं की नाही हे बघायचंच सोडून देतो. ‘नाही’ आलंच नाही, तर व्हेक्टर ओलांडून परक्याच्या जागेत शिरतो. मग काहीही होवो: प्रोग्रॅम कोसळेल, वेडंवाकडं छापेल, किंवा काहीच न होता सरळ चालेल. तिसरं सगळ्यात वाईट.

कारण पाचावर ते सरळ चालतं. लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या त्यांच्या लॅबमधल्या कंपायलरची लायब्ररी सोळापर्यंतच्या छोट्या यादीला साधी, एकेक उचलून जागी सरकवायची पद्धत वापरायची, आणि त्या पद्धतीत ही चूक खपून जायची. सतरापासून पुढे ती यादीचे तुकडे पाडू लागायची, आणि बिन-कुंपणाचं धावणं तिथे सुरू व्हायचं.

पेन बी वर गेलं. परत आलं. काका नंतर घरी म्हणाले, “पेन बी वर टेकलंच होतं बघ.” बायको म्हणाली, “मग?”

“मग डी.”

“त्यांना काय हवंय ते माहीत होतं तुम्हाला?”

“होतं.”

“आणि तरी?”

“अगं, चोवीस वर्षं पोरांना त्या एका चिन्हावरून बोलतोय मी!”

बायको भाजी चिरत होती, ती जरा जोरात चिरली एवढंच.

निकाल लागला. भाचा बहात्तर, काका एकाहत्तर.

गणित लहान मुलालाही येईल असं. सदतिसाव्याचं उत्तर डी धरलं, तर काका बहात्तर आणि भाचा एकाहत्तर. काकांनी हरकतीचा अर्ज केला. सोबत फडक्यातल्या पुस्तकाच्या चार पानांच्या प्रती. चोवीस वर्षांत त्यांनी संस्थेकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट. पहिली म्हणजे एअर कंडिशनरखाली ठेवायला बादली.

सुनावणी सभाखोलीत झाली. समितीत तिघं. अध्यक्ष म्हणून उपप्राचार्य, यांत्रिकी शाखेच्या, बॉयलरवर अधिकारवाणीने बोलणाऱ्या. कार्यालय अधीक्षक, कारण इतिवृत्त कुणीतरी लिहायला हवं. आणि विषयतज्ज्ञ म्हणून इस्त्री. म्हणजे प्रश्न ज्याने काढला तोच उत्तर बरोबर का चूक ठरवणार. काका पुस्तकाची पानं पुढे करू लागले, तर उपप्राचार्यबाई म्हणाल्या, “पुस्तकातलं राहू द्या. पुस्तकात काय, काहीही असतं. चालवून दाखवा.”

लॅपटॉप इस्त्रीचा. प्रोग्रॅम चालला. पडद्यावर आलं: पंच्याऐंशी, पंच्याऐंशी, सत्तर, सत्तर, साठ.

“बी,” अधीक्षक म्हणाले, आणि लिहू लागले.

“थांबा,” काका म्हणाले. “बाई, यात आणखी बारा सत्तर घाला. पाचाचे सतरा होऊ द्या.”

“प्रश्नात किती आहेत?”

“पाच. पण बाई, नियम पाचाचा नसतो. नियम तुटलाय, फक्त पाचात तो तुटल्याचं दिसत नाही. नव्या कंपायलरमध्ये तपासणी चालू केली तर पाचालाही ओरडतो तो. आपल्याकडे जुना आहे म्हणून…”

“म्हणजे संस्थेचा कंपायलर जुना आहे, अशी तुमची तक्रार आहे?” अधीक्षकांनी पेन वर उचललं.

“नाही हो! सतरा करून बघा एवढंच म्हणतोय.”

“सतरा केले तर कोसळेल?” बाईंनी विचारलं. आवाजात खरंच उत्सुकता होती. बॉयलरच्या माणसाला कोसळण्याचं महत्त्व कळतं.

इथे काकांनी एक शब्द खोटा बोलायला हवा होता. ‘हो’ म्हणायचं. एवढंच. पण ज्याचा जन्म बरोबरीच्या चिन्हाशी भांडण्यात गेला, त्याला कुठून सुचणार!

“नक्की सांगता येत नाही,” काका म्हणाले. “कोसळेल किंवा नाहीही. तेच तर डी म्हणतंय.”

तिघेही हसले. इस्त्रीसुद्धा, बेतानेच, शर्टाला धक्का न लावता. अधीक्षकांनी लिहिलं: ‘अर्जदारास स्वतःसही खात्री नाही.’

काका अजून उभेच होते. मग इस्त्रीने शेजारच्या पिशवीतून एक जुनी वही काढली. पिवळ्या पडलेल्या कडा, वर तपकिरी कागदाचं वेष्टन, तेही चापूनचोपून घातलेलं. त्याचं विद्यार्थी असतानाचं जर्नल. पान उघडून त्याने काकांसमोर सरकवलं. तेच पाच विद्यार्थी, तोच कंपॅरेटर, तेच चिन्ह. आणि खाली कोपऱ्यात, निळ्या शाईत, जरा तिरका: ‘आउटपुट पाहिले’.

“तुम्हीच मारलाय, काका,” इस्त्री म्हणाला. चारचौघांत त्याने काका म्हटलं, तेही नेमकं त्या दिवशी. “तेव्हा तुम्हाला बरोबर वाटलं होतं. मी तुमच्याकडूनच शिकलो.”

काकांना ती दुपार आठवली. शेवटच्या दिवसाची रांग, चाळीस पोरं, इस्त्री मागे लागलेला: काका, लवकर मारा ना, बस जाईल. त्यांनी पडद्याकडे पाहिलं होतं, बरोबरीचं चिन्ह पाहिलं होतं, “ते बरोबरीचं काढ रे” म्हणालेही होते, आणि म्हणता म्हणता शिक्का मारला होता. आउटपुट पाहिलंच होतं की. आउटपुट बरोबर होतं. इस्त्रीने चिन्ह काही काढलं नाही. त्याची बस होती.

“हो,” काका म्हणाले. “माझाच शिक्का आहे.”

हरकत फेटाळली. काका लॅबमध्ये आले, दार लावलं, आणि सतरा सत्तर टाइप करून प्रोग्रॅम चालवला. सतराही नीट छापले गेले. एका ओळीत, शहाण्यासारखे. काकांनी डोक्याला हात लावला. मग नावं घालून दोनशे विद्यार्थी केले, सगळ्यांना सारखेच गुण. एंटर दाबलं, आणि प्रोग्रॅम धाडकन मेला. पण तो बघायला खोलीत कोण होतं? एअर कंडिशनर आणि बादली.

चार महिन्यांनी काका पन्नास वर्षांचे झाले. लेकीने शर्ट आणला होता. काका म्हणाले, “इस्त्रीचा नको.” ती हसली, आई हसली नाही.

भाचा फळ्यासमोर उभा राहू लागला. काकांना ‘काका’ म्हणायचा, मान द्यायचा, आणि अडलं की पोरांसमोरच विचारायचा. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना. जर्नलवर शिक्का काकांचा, सही भाच्याची. पुढे प्रवेशाचे दिवस आले. गुणवत्ता यादी लावायचा प्रोग्रॅम इस्त्रीने भाच्याकडे दिला. अर्ज चार हजार दोनशे बारा, गुण चारशेपैकी. सारख्या गुणांचे अर्थातच शेकड्याने.

यादी अकराला लागायची होती. साडेदहापासून पोरं आणि त्यांचे आईबाप खाली सूचनाफलकापाशी जमले. पावणेअकराला भाच्याने प्रोग्रॅम चालवला आणि तो कोसळला. पुन्हा चालवला, पुन्हा कोसळला. कंपॅरेटर कुठून घेतला होता ते सांगायला हवं का? परीक्षेतल्या सदतिसाव्या प्रश्नातून. बरोबर उत्तराचा प्रश्न होता ना तो!

मग भाच्याने डोकं चालवलं. मॅपमध्ये किल्ल्या आपोआप क्रमाने लागतात, हे त्याला काकांनीच सांगितलेलं. त्याने सॉर्ट काढून टाकला, गुणांची किल्ली केली, नावाची किंमत केली, आणि सगळे अर्ज मॅपमध्ये ओतले. या वेळी प्रोग्रॅम सुरेख चालला. क्रम अगदी झकास. फक्त यादीत नावं दोनशे सत्त्याऐंशी. एका किल्लीला मॅपमध्ये एकच जागा. सारखे गुण असलेला पुढचा आला की आधीच्याचं नाव पुसून तिथे बसायचा. चार हजारांतले बाकीचे सगळे एकमेकांना पुसून गेले होते. आणि ती यादी फलकावर लागलीसुद्धा.

खालून जो आवाज आला तो दुसऱ्या मजल्यावर ऐकू आला. एक बाई ओरडत होत्या, “तीनशे बहात्तर गुण आहेत हो माझ्या मुलीला, आणि नावच नाही!” पाठोपाठ इस्त्रीचा फोन.

“काका, जरा खाली येता का?”

“सर म्हणू की काही दुसरं म्हणू?”

“काका, प्लीज.”

खरं तर न जाण्याची ही केवढी छान संधी होती. पण खालच्या बाईंचा आवाज थांबत नव्हता. काका गेले. भाचा घामाने भिजलेला, इस्त्रीच्या शर्टाला आयुष्यात पहिल्यांदा चुणी. काकांनी मॅप काढला, व्हेक्टर आणि सॉर्ट परत आणले. बरोबरीचं चिन्ह खोडलं. आणि गुण सारखेच असतील तर जो वयाने मोठा तो आधी, जन्मतारीखही तीच असेल तर ज्याचा अर्जक्रमांक लहान तो आधी, अशा दोन ओळी घातल्या. म्हणजे कुणी कुणाच्या बरोबरीला राहायलाच नको. दहा मिनिटं. चार हजार दोनशे बारा नावं.

“आता पटलं?” काकांनी इस्त्रीला विचारलं. भाचा छपाईला गेला होता. दोघं एकटे होते.

इस्त्रीने दार लोटलं. “काका, मला तेव्हाच पटलं होतं. रात्री घरी जाऊन सतरा नाही, हजार घालून बघितले मी.”

“मग उत्तरसूचीतलं डी कर की आता. निदान पुढच्यांसाठी.”

“सूची बदलली की मागचा निकाल बदलावा लागतो. सचिवांकडे कोण जाणार? तुम्ही जाल?”

“माझी पन्नास पूर्ण झाली.”

“तेच म्हणतोय मी,” इस्त्री म्हणाला, आणि चुणीवरून हात फिरवला.

यादी लागली. खाली सही भाच्याची. आणीबाणीच्या प्रसंगी दाखवलेल्या तत्परतेबद्दल त्याला महिन्याभरात मुख्य कार्यालयात संगणकीकरण अधिकारी केलं. हसू नका. अशा कामांसाठी माणूस असाच लागतो.

म्हणजे प्रशिक्षकाची जागा पुन्हा रिकामी. आणि अर्ज कुणी केला? काकांच्या लेकीने. दोन वर्षं नोकरी शोधत होती. वडलांचं फडक्यातलं पुस्तक तिने कधीच वाचून संपवलं होतं. काकांनी शिकवलेल्यांत तिच्याइतकं स्वच्छ कुणालाच येत नव्हतं, इस्त्रीला तर नाहीच नाही.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ती प्रश्नसंच घेऊन त्यांच्यासमोर बसली. नवा छापलेला, पण प्रश्न जुनेच. सदतिसावा सदतिसाव्याच जागी.

“बाबा, याचं काय करू?”

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “तुला काय वाटतं?”

“मला काय वाटतं ते तुम्हाला माहितीय. विचारतेय ते वेगळंच.”

आतून बायकोचा चमचा पातेल्यावर वाजायचा थांबला. ती ऐकत होती. एका गुणाने काय होतं, हे त्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

“बी,” काका म्हणाले.

लेक त्यांच्याकडे बघत राहिली. “नक्की?”

“नक्की,” काका म्हणाले. आयुष्यात जिथे हा शब्द हवा होता तिथे त्यांना तो सुचला नव्हता, आता सुचला.

तिला त्र्याऐंशी गुण पडले. दुसऱ्या क्रमांकाला एकोणऐंशी. म्हणजे डी लिहिलं असतं तरी जागा तिचीच होती. हे कळल्यावर घरात पेढे आणले, खाल्ले.

ती रुजू झाली त्या सोमवारी काका लॅबमध्ये नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर आले. फळा पुसला. तीन चाकांची खुर्ची मागे सरकवून चांगली खुर्ची पुढे ठेवली. तिने फळ्यावर विषय लिहिला आणि चहाला गेली नाही. उभं राहून शिकवलं, छान शिकवलं. बिऱ्हाड आणि कडीसुद्धा तिने सांगितली, शब्द न् शब्द वडलांचे. पोरं हसली. काका कोपऱ्यात बसून ऐकत होते, आणि त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.

मग पहिल्या रांगेतल्या एका मुलीने प्रश्नसंच वर केला. “मॅडम, सदतीस. याचं उत्तर बी कसं? यात चूक आहे असं वाटतंय.”

काकांनी मान वर केली. त्यांच्यासमोरच्या संगणकावर त्यांनी सकाळीच तयारी करून ठेवली होती: दोनशे नावं, सगळ्यांना सत्तर. फक्त एंटर दाबायचं बाकी.

लेकीने फळ्याकडे तोंड केलं. “परीक्षेत बी लिहा,” ती म्हणाली. “खरं कारण हवं असेल तर लॅब असिस्टंटना विचारा.”

पोरांनी बी वर गोल केला. त्या मुलीनेही, जरा थांबून. कारण विचारायला कुणी उठलं नाही. तासाची दहा मिनिटं उरली होती आणि पाच विद्यार्थ्यांचा तोच प्रोग्रॅम जर्नलला हवा होता. भराभर टाइप झाला, भराभर चालला. मॅडमनी सह्या केल्या. मग काकांच्या टेबलाशी रांग लागली.

“काका, शिक्का,” पहिली मुलगी म्हणाली. तीच. तिच्या पानावर बरोबरीचं चिन्ह होतं, खाली पाच नीट आकडे होते, आणि त्याखाली सही, काकांनी ज्या आडनावाचा घरी सराव केला होता त्याच आडनावाची.

काकांनी लेकीकडे पाहिलं. ती फळा पुसत होती.

“ते बरोबरीचं काढ गं,” ते हळूच म्हणाले.

“काढते. पण काका, लवकर मारा ना, मागे रांग आहे.”

काकांनी शिक्का शाईवर टेकवला आणि मारला. जरा तिरकाच बसला.